कंट्रोलर डॉकवर ठेवावा की केबल लावावी? जपलेलाच आधी म्हातारा झाला

मंदार_मालाड

नमस्कार मंडळी. घरी पीएस५ आहे आणि त्याचे दोन ड्युअलसेन्स कंट्रोलर आहेत. दोन्ही एकाच महिन्यात घेतलेले, अडीच वर्षं होऊन गेली. पांढरा माझा, काळा धाकट्या भावाचा. माझा पहिल्या दिवसापासून डॉकवर राहतो. खेळून झालं की डॉकवर टेकवायचा आणि दुसऱ्या दिवशी उचलायचा, एक दिवस चुकलेलो नाही. भाऊ म्हणजे आनंदीआनंद. त्याचा कंट्रोलर सोफ्याच्या फटीत, उशीखाली, एकदा तर कणकेच्या डब्यावर सापडला होता. बॅटरी संपत आल्याची सूचना टीव्हीवर आली की तो केबल शोधत घरभर फिरतो.

आता माझा पांढरा पावणेचार तासांत मान टाकतो आणि त्याचा काळा सात तास आरामात चालतो. दोघं बहुतेक वेळा एकत्रच खेळतो, रोज दीडेक तास, त्यामुळे वापर सारखाच धरा. घरात माझी जी काही टिंगल चालली आहे ती सांगत नाही.

प्रश्न सरळ आहे. डॉकने बॅटरी लवकर मरते का? डॉक काढून टाकून केबलवर यावं का? आणि त्याच खोलीत माझा वायरलेस माउस आहे (दहा दिवसांनी चार्ज करतो) आणि वायरलेस कीबोर्ड आहे (कायम केबललाच असतो). त्यांचंही हेच होणार का?

बंड्या_भायखळा

शीर्षक वाचून वाटलं माझगाव डॉकबद्दल काहीतरी आहे. आमचे आजोबा तिथे फिटर होते. असो, चालू द्या.

अण्णा_दादर

मंदार, उत्तर तुझ्या प्रश्नातच आहे. बॅटरी भरली तरी डॉक करंट सोडतच राहतो. टाकी भरल्यावर नळ बंद केला नाही तर काय होतं? तेच. आम्ही १९९० च्या दशकात कॉर्डलेस फोन वापरले, पाळण्यात ठेवून ठेवून त्यांच्या बॅटऱ्या वर्षभरात मेल्या. तेव्हापासून माझा नियम एकच: पूर्ण शून्यावर येऊ द्यायची, मग पूर्ण भरायची, आणि लगेच काढायची. बॅटरीला सवय लागते, अर्ध्यावरून भरत राहिलात की ती अर्ध्यालाच शून्य समजते. भावाकडून शीक.

तांब्याची_तार

अण्णा, तुमचा अनुभव खरा आहे, पण तो दुसऱ्या बॅटरीचा आहे. त्या कॉर्डलेस फोनमध्ये निकेल-कॅडमियम सेल असायचे आणि पाळणा खरोखरच थोडा थोडा करंट सोडत राहायचा. नळाची उपमा तिथे चपखल बसते. ड्युअलसेन्समध्ये लिथियम-आयन आहे, १५६० एमएएचची. हिला सवयबिवय लागत नाही. उलट पुनःपुन्हा शून्यावर नेलेलंच हिला सोसत नाही.

दुसरं म्हणजे, बॅटरी किती आणि केव्हा भरायची हे डॉक ठरवतच नाही. चार्जिंगचं सर्किट कंट्रोलरच्या पोटात आहे. डॉक फक्त दोन पिनांवर ५ व्होल्ट आणून देतो आणि केबलसुद्धा तेवढंच करते. आतलं सर्किट सेल ४.२ व्होल्टच्या आसपास नेतं आणि करंट घटत घटत अगदी थोडा उरला की चार्जिंग तोडून टाकतं. मग सेलचा व्होल्टेज थोडा उतरला की पुन्हा जरासं भरतं. म्हणजे टाकी वाहत नाही. पण काठोकाठ भरलेलीच राहते, आणि मला वाटतं मंदारची गोम तिथेच आहे.

मंदार, निकाल देण्याआधी तीन गोष्टी सांग. डॉक नेमका कुठे ठेवला आहेस? त्याला वीज कुठून येते आणि ती कधी बंद होते का? आणि कंट्रोलर डॉकवरून उचलताना हाताला कोमट लागतो का?

मंदार_मालाड

ताई, डॉक टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यात आहे, पीएस५ च्या शेजारीच. पुढे काचेचं दार आहे, धूळ नको म्हणून बंद असतं (खेळताना उघडतो, म्हणजे आठवण राहिली तर). वीज जुन्या फोनच्या अडॅप्टरमधून. तो टीव्हीमागच्या एक्स्टेन्शन बोर्डात आहे आणि बोर्ड बंद करायला युनिट सरकवावं लागतं, त्यामुळे अडीच वर्षांत बंद झालेला नाही. वीज गेली तेवढीच विश्रांती.

कोमट लागतो का, हो. मला वाटायचं तो चार्ज होतो म्हणून.

तांब्याची_तार

पटलं. आता हिशेब बघ.

रोज दीड तास खेळता. नवा असताना कंट्रोलर सात-साडेसात तास चालत असेल तर रोज साधारण पाचवा हिस्सा बॅटरी जाते. पाच दिवसांत एक पूर्ण फेरा, वर्षाला सत्तरेक, अडीच वर्षांत पावणेदोनशे. असे छोटे सेल साधारण तीनशे ते पाचशे फेऱ्यांनंतर ऐंशी टक्क्यांच्या आसपास येतात असं धरतात. म्हणजे नुसत्या वापराने तुझी बॅटरी अर्ध्यावर यायला नको होती. आणि मुख्य म्हणजे फेरे दोघांचे सारखेच आहेत. काळ्याचेही तेवढेच झालेत.

मग फरक कुठे पडला? तर न खेळण्याच्या तासांत. दिवसाचे साडेबावीस तास भावाचा कंट्रोलर सोफ्यावर होता, खोलीच्या तापमानात, कधी ऐंशी टक्के, कधी तीस. तुझा साडेबावीस तास शंभर टक्के भरून, बंद काचेमागे, आणि शेजारी खेळताना दोनशे वॅटच्या आसपास उष्णता ओकणारा कन्सोल. लिथियम सेल नुसता पडून राहिला तरी म्हातारा होतो. तो किती वेगाने होतो हे दोन गोष्टींवर ठरतं: किती भरलेला आहे आणि किती गरम आहे. तू दोन्ही कमाल ठेवल्या होत्यास.

दाराआड एक थर्मामीटर ठेवून बघ. स्वयंपाकघरातला चालेल.

रेड्डी_सोडून_सगळे

नेटवर तो एक तक्ता फिरतो ना, शंभर टक्के भरलेली बॅटरी २५ अंशांवर वर्षभर ठेवली तर ८० टक्के क्षमता उरते आणि ४० अंशांवर ठेवली तर ६५. चाळीस टक्के भरून ठेवली तर अनुक्रमे ९६ आणि ८५. त्यावरून बघितलं तर मंदारची बॅटरी अजून जिवंत आहे हेच नशीब.

तांब्याची_तार

तो तक्ता मीही लोकांना दाखवते, पण त्यातला आकडा घेऊन कुणाशी भांडू नका. सेलची जात बदलली, वय बदललं की आकडे बदलतात. त्यातली दिशा मात्र पक्की आहे: भरून ठेवणं वाईट, गरम ठेवणं वाईट, दोन्ही एकदम फारच वाईट.

मंदार_मालाड

थर्मामीटर ठेवला. दोन तास खेळलो, दार बंद. खोलीत ३१, कप्प्यात ४१. 😐

सोनीच्या कंट्रोलरबरोबर आलेला कागद शोधून काढला (आईने सगळे कागद एका बिस्किटाच्या डब्यात ठेवलेत). त्यात लिहिलंय की १० ते ३० अंशांत चार्ज करा. मुंबईत ३० च्या खाली म्हणजे जानेवारीतली पहाटच म्हणायची.

पूर्वा_मुलुंड

मी इथे माझीच केस सांगते कारण ती अगदी उलटी आहे. माझा कंट्रोलर याच जातीचा, डॉक पण आहे, तीन वर्षं झाली आणि अजून सहा तासांच्या वर चालतो. मी काहीही काळजी घेत नाही. पण आमच्याकडे सासूबाई रात्री झोपायच्या आधी घरातली सगळी बटणं बंद करत फिरतात. फ्रिज आणि राउटर सोडून सगळं. राउटरसाठीसुद्धा मला भांडावं लागलं होतं. डॉकचं बटण हॉलमध्ये दाराजवळ आहे, त्यामुळे ते रोज बंद होतं आणि मी संध्याकाळी खेळायला बसले की चालू करते.

म्हणजे माझी बॅटरी त्यांनी वाचवली का? हे त्यांना सांगायचं की नाही हा वेगळा प्रश्न.

तांब्याची_तार

बरीचशी त्यांनीच. संध्याकाळी चालू केल्यावर तू खेळतेस, मग डॉकवर ठेवतेस, रात्री अकराला बंद. म्हणजे कधी पूर्ण भरतो, कधी नव्वदलाच राहतो, आणि त्यानंतर रात्रभर व दिवसभर त्याला कुणी टोचत नाही. शिवाय डॉक उघड्यावर असणार.

आपल्याकडे प्रत्येक सॉकेटला बटण असतं ही मोठी सोय आहे. मंदार, तुझा अर्धा इलाज म्हणजे तो अडॅप्टर हाताला येईल अशा सॉकेटवर आणणं.

आणि कुणाचा डॉक पीएस५ च्याच यूएसबीला लावलेला असेल तर बटणाचीही गरज नाही. Settings > System > Power Saving > Features Available in Rest Mode इथे Supply Power to USB Ports आहे. Always वर असेल तर 3 Hours करा. कन्सोल रेस्ट मोडमध्ये गेला की तीन तास वीज देतो आणि मग तोडतो. रिकामा कंट्रोलर भरायला साधारण तेवढेच लागतात.

अण्णा_दादर

म्हणजे मी म्हणत होतो तेच की, डॉकवर ठेवू नका!

तांब्याची_तार

अण्णा, केबल रात्रंदिवस लावून त्याच कप्प्यात ठेवली असती तर हेच झालं असतं. 🙏

मंदार_मालाड

एक शंका. खेळण्याच्या तासांवरून बॅटरीचा अंदाज कितपत खरा? गेम बदलला, कंपनं कमीजास्त झाली की तास बदलतातच. काही मोजता येतं का?

लिनक्सप्रेमी_नाना

पीसीला ब्लूटूथने जोडला असेल आणि लिनक्स असेल तर हे चालव:

```
cat /sys/class/power_supply/ps-controller-battery-*/capacity
```

टक्के दिसतील.

तांब्याची_तार

नाना, हे दिसतं खरं, पण कंट्रोलर दहा-दहाच्या पायऱ्यांनीच सांगतो. ४५ नंतर एकदम ३५. आणि हे टक्के उरलेल्या क्षमतेचे असतात. म्हातारी बॅटरीसुद्धा भरली की शंभरच दाखवते.

मंदार, यूएसबी मीटर घे. चारपाचशे रुपयांना मिळतो, अडॅप्टर आणि केबलच्या मधे लावायचा. दोन्ही कंट्रोलर आपोआप बंद पडेपर्यंत वापर. मग एकाच अडॅप्टरने, एकाच केबलने, एकामागून एक चार्ज कर. चार्ज होताना ते बंद ठेव, नाहीतर थोडा करंट ते स्वतःच खातील. मीटरवरचा करंट जवळजवळ शून्यावर आला की एमएएचचा आकडा लिहून घे. तो आकडा म्हणजे बॅटरीची नेमकी क्षमता नव्हे, कारण मीटर बाहेरच्या ५ व्होल्टवर मोजतो. पण दोघांची तुलना करायला उत्तम. आणि एक गोष्ट मुद्दाम बघ: करंट किती वेळ वरच्या पातळीवर टिकतो आणि कधी उतरायला लागतो.

वर्सोव्याची_मासोळी

धागा जरा भरकटवते, माफी. माझा प्रॉब्लेम बॅटरीचा आहे की डॉकचा ते कळत नाहीये म्हणून इथेच विचारते. आमचं घर समुद्राला लागून, दुसरा मजला. डॉकवर कंट्रोलर ठेवला की केशरी दिवा लागतो, विझतो, परत लागतो. वरून बोटाने दाबून धरलं तर नीट. सकाळी उचलावा तर कधी पूर्ण भरलेला, कधी तसाच्या तसा. केबल लावली की लगेच चार्ज होतो. डॉकच्या पिना बघितल्या तर दोनपैकी एक हिरवट झाली आहे, दुसरी चकचकीत. एकच कशी खराब झाली?

तांब्याची_तार

हे भरकटणं नाही, मुंबईत डॉकचा खरा शत्रू हाच आहे. बॅटरीच्या म्हातारपणापेक्षा मला तरी दुरुस्तीला हे जास्त दिसतं.

एकच पिन हिरवी होते कारण तिथे चक्क इलेक्ट्रोलिसिस चालू असतं. हवेत मीठ आणि ओल, पिनांवर हाताचा घाम, आणि दोन पिनांमध्ये चोवीस तास ५ व्होल्ट. दोघींच्या मधे ओलीचा पातळ थर आला की धन बाजूच्या पिनेवरचा धातू झिजायला लागतो. वरचा सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. तो कुठे फुटला की खालचं तांबं किंवा पितळ हिरवं पडतं. हिरवा थर वीज नीट जाऊ देत नाही, म्हणून दाबल्यावर चालतं आणि सोडल्यावर तुटतं. दर वेळी तुटून जोडलं की कंट्रोलर चार्जिंग नव्याने सुरू करतो. तुझा दिवा म्हणूनच लागतो-विझतो.

डॉकची वीज काढ. कान साफ करायच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून दोन्ही पिना आणि कंट्रोलरच्या खालचे पत्रे पूस, काडी पांढरी येईपर्यंत. पाच मिनिटं सुकू दे. पॉलिश पेपर, ब्लेड, नेलफाइल यातलं काही लावू नकोस. त्या दिवशी चकाचक दिसेल आणि उरलासुरला मुलामा गेल्याने पुढच्या पावसाळ्यात दुप्पट वेगाने गंजेल. पिना आत दाबल्यावर स्प्रिंगने बाहेर येतात ना तेही बघ. एखादी आतच अडकली असेल तर डॉक बदललेला बरा.

आणि तुझ्याकडे तर बटण बंद करायचं दुसरं कारण आहे. पिनांवर व्होल्ट नसेल तर हा प्रकार फारच हळू होतो.

वर्सोव्याची_मासोळी

पुसलं. काडी अक्षरशः पोपटी झाली. तीन दिवस झाले, दिवा स्थिर आहे. पिनेवर एक खड्डा मात्र दिसतोय.

तांब्याची_तार

खड्डा म्हणजे मुलामा गेला. सप्टेंबरपर्यंत महिन्यातून एकदा पुसत जा. पुढचा पावसाळा काढेल की नाही, शब्द देत नाही.

सुहास_डोंबिवली

मग मासोळीताईंनी केबलच का वापरू नये? सी पोर्टला तर दहा हजार वेळा घालाकाढायचं रेटिंग असतं. रोज एकदा धरलं तर सत्तावीस वर्षं.

तांब्याची_तार

रेटिंग सरळ आत आणि सरळ बाहेर करणाऱ्या यंत्राचं असतं, सोफ्यावर लोळणाऱ्या माणसाचं नाही. माझ्याकडे येणारे पोर्ट घालून-काढून झिजलेले नसतात. केबल लावून खेळताना कुणीतरी पायात अडकलं, किंवा कंट्रोलर मांडीवर उलटा ठेवला आणि प्लग वाकला, म्हणून आलेले असतात. पोर्ट बोर्डावरून निसटला की तो परत बसवणं बॅटरी बदलण्यापेक्षा कितीतरी कटकटीचं. डॉकचा खरा फायदा म्हणाल तर हा.

जुन्या मायक्रो-यूएसबी पोर्टवाले कंट्रोलर ज्यांच्याकडे आहेत त्यांनी तर डॉक जरूर वापरावा. तो प्लग अंधारात उलटा घुसवायचा प्रयत्न प्रत्येकाने केलेला आहे.

स्वस्त डॉकबरोबर एक छोटी टोपी येते, ती सी पोर्टात कायमची घालून ठेवायची असते. ती हलली की जोर पोर्टावरच येतो. त्यापेक्षा कंट्रोलरच्या खालच्या पत्र्यांवर बसणारा डॉक घ्या.

बंड्या_भायखळा

माझ्याकडे एक्सबॉक्स आहे, दोन पेन्सिल सेल घालतो, संपले की दुसरे. तुम्ही लोक का इतका त्रास करून घेता?

अण्णा_दादर

बंड्या, शाब्बास. ते रिचार्जेबल निकेलचे असतील तर त्यांना तरी माझा नियम लागू आहे ना ताई? तेवढं तरी द्या मला.

तांब्याची_तार

थोडं देते 🙂 निकेल-मेटल हायड्राइडसाठी ठरावीक तास चालणारे स्वस्त चार्जर खरंच भरलेल्या सेलला आणखी भरत बसतात, सेल चटका लागण्याइतके गरम होतात आणि मरतात. तिथे लगेच काढा हा सल्ला बरोबर. प्रत्येक सेल वेगळा तपासून बंद होणारा चार्जर घेतला की तीही चिंता नाही. दर वेळी शून्यावर आणायची गरज तिथेही नाही.

मंदार_मालाड

मोजून आलो. मीटर लॅमिंग्टन रोडवरून घेतला.

काळा: १३७० एमएएच. पांढरा: ८२०.

आणि ताई म्हणाल्या तसं करंटकडे बघत बसलो. काळ्याचा करंट जवळजवळ दोन तास हलला नाही, मग उतरायला लागला. पांढऱ्याचा चाळीस मिनिटांतच उतरायला लागला आणि मग थेंबथेंब करत खूप वेळ गेला. भावाने चहा करून आणला, स्वतःहून. त्याला विजयाचा आनंद झालाय.

तांब्याची_तार

म्हणजे साठ टक्के. तासांवरून चौपन्न येत होतं, जवळपास तेच.

करंट लवकर उतरणं ही म्हातारपणाची दुसरी खूण. सेलचा आतला रोध वाढला की चार्ज होताना व्होल्टेज लवकर ४.२ ला टेकतो, मग सर्किट करंट आवरतं घेतं. म्हणून पांढरा कमी भरतो आणि तरी वेळ खातो. खेळताना याच रोधामुळे कंपनं जोरात आली की व्होल्टेज खाली बसतो. एक काडी शिल्लक दाखवत असतानाच मधेच बंद पडतो का?

मंदार_मालाड

हो!! स्फोट झाला की बंद. मला वाटायचं गेमचाच भाग आहे.

गच्चीवरचा_गणू

मी वेगळं बोलतो. एवढं बटण चालू-बंद कोण करत बसणार? बॅटरी हजाराच्या आत येते, दर तीन वर्षांनी बदलायची, विषय संपला. बॅटरी माझ्यासाठी आहे, मी बॅटरीसाठी नाही.

पूर्वा_मुलुंड

गणू, बटण दाबायला एक सेकंद लागतो. कंट्रोलर उघडायला पूर्ण रविवार.

गच्चीवरचा_गणू

वीस मिनिटं. मी केलंय. मधली काळी पट्टी नखाने उचकटून काढायची, एल१ आणि आर१ ची बटणं ओढून काढायची, त्यांच्याखाली एकेक स्क्रू, हेडफोनच्या भोकाजवळ दोन, असे चार. मागचं कवच निघालं की बॅटरी समोरच, प्लग ओढला की सुटते. सोल्डरिंग नाही. पट्टीची एक खुंटी मोडली तेवढीच, आणि ती कुणाला दिसत नाही.

तांब्याची_तार

गणू म्हणतो ते चुकीचं नाही, ज्याचा त्याचा हिशेब. फक्त बॅटरी घेताना आकड्याला भुलू नका. मूळची १५६० ची असताना त्याच आकाराची ३००० लिहिलेली कुणी देत असेल तर ती छपाई आहे. जुनी बॅटरी बरोबर न्या आणि दोन्ही तळहातांवर धरून बघा. नवी हलकी लागली तर परत करा.

माउस-कीबोर्डचं राहिलं. मंदार, माउस विसर. दहा दिवसांनी भरतोस, म्हणजे वर्षाला छत्तीस फेरे. त्याची बटणं आधी जातील. कीबोर्डची मात्र मला काळजी आहे. कायम केबललाच म्हणतोस, म्हणजे तो कायम शंभर टक्क्यांवर आहे, अगदी तुझ्या पांढऱ्यासारखा. फक्त काचेच्या पेटीत नाही.

मंदार_मालाड

पण तो मी वायरवरच वापरतो, बॅटरीवर चालतच नाही. मग बॅटरी खराब कशाने होईल?

सुहास_डोंबिवली

मंदार, माझ्या ऑफिसातला अनुभव. कीबोर्ड दोन वर्षं केबलवर. एके दिवशी टाइप करताना डुगडुगायला लागला. मला वाटलं टेबल वाकडं आहे, कागदाची घडी करून खाली लावली. आठवड्याने घडी पुरेना. उलटा करून बघितला तर मधला भाग फुगून पाय टेबलाला टेकत नव्हते. आत बॅटरी उशीसारखी झाली होती.

तांब्याची_तार

मंदार, हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर. बॅटरी वापरात नसली तरी भरलेली असते, आणि केबलवर असताना सर्किट तिला भरलेलीच ठेवतं. बहुतेक कीबोर्डात स्विच केबलवर असो की बंद असो, वायर जोडली की चार्जिंग होतंच. मोठ्या कीबोर्डात कंट्रोलरच्या दुपटीहून मोठी बॅटरी असते, म्हणून फुगली की गंमत राहत नाही. आठवड्यातले चार दिवस केबल काढून ब्लूटूथवर चालव, पंचवीस-तीस टक्क्यांवर आला की एक दिवस जोड. मागचे दिवे कमी ठेव, नाहीतर दोन दिवसांतच जोडावा लागेल.

फुगलेली बॅटरी दिसली की चार्ज करायची नाही, दाबायची नाही, टोचायची तर नाहीच. आणि ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका, कचऱ्याच्या गाडीत दाबली गेली की आग लागते. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्या.

सुहास, तुमची कुठे गेली?

सुहास_डोंबिवली

आयटीवाल्याने एका डब्यात वाळू घालून ठेवली. पुढचं माहीत नाही. तो डबा अजून पॅन्ट्रीत आहे असं ऐकतो.

चाळीतला_चिन्मय

माझा प्रश्न वेगळाच आहे. दहावी म्हणून आईने कंट्रोलर कपाटात ठेवला होता, आठ महिने. आता काढला तर केबल लावूनही दिवाच लागत नाही. मेला का?

तांब्याची_तार

कदाचित नाही. पडून पडून सेल फार खाली गेला असेल. तशा वेळी सर्किट आधी अगदी बारीक करंट सोडून चाचपतं, दिवा लगेच लागत नाही. साध्या अडॅप्टरला लावून तासभर तसाच ठेव, मात्र घरात कुणी असताना. तासाभराने दिवा लागला तर पूर्ण भर आणि वापर. गरम झाला किंवा कवचाची शिवण उघडलेली दिसली तर लगेच काढ. पुढच्या वेळी कपाटात जाताना अर्धा भरून ठेव. बारावी आहेच.

चाळीतला_चिन्मय

पन्नास मिनिटांनी केशरी दिवा आला!! आईला सांगितलेलं नाही.

मंदार_मालाड

ठरलं ते लिहितो. डॉक युनिटच्या वर, उघड्यावर आणला. अडॅप्टर सोफ्याजवळच्या सॉकेटवर, बटण हाताशी. पांढऱ्यात नवी बॅटरी घालतोय, येत्या रविवारी लॅमिंग्टन रोडला जाऊन. भावाला म्हटलं काळा एक वर्ष जुन्या कप्प्यात डॉकवर ठेवू, म्हणजे कळेल उष्णतेने किती गेलं आणि भरून ठेवल्याने किती. तो कंट्रोलर घेऊन खोलीत गेला आणि कडी लावली.

अण्णा_दादर

मी अजूनही शून्यावर आणूनच भरणार. माझा हेडफोन चार वर्षं चाललाय.

तांब्याची_तार

चालवा अण्णा. मंदार, रविवारी जाऊ नकोस, तिथली बरीच दुकानं बंद असतात. शनिवारी दुपारी जा, आणि जुनी बॅटरी खिशात किल्ल्यांबरोबर ठेवू नकोस, प्लगवर टेप लाव.